किक आणि बेसची जागा

धुळ्याच्या स्टुडिओत मी एका अहिराणी लग्नगीताचं मिक्सिंग करत होतो. मालकाने कंप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारं यंत्र, असा लावला होता की पायाने वाजवायच्या किक ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला बेस गिटार दबायची. ती वाजवणारे साठीतले नाना ऐकून म्हणाले, “भाऊ, मना हात चुकी राह्यना का?” आपलाच हात चुकतोय, असं त्यांना वाटत होतं.

मी कंप्रेसर काढला. किकचा दणका साठ हर्ट्झला होता, तिथे बेसचा आवाज थोडा कापला. बेसचा सूर शंभराच्या वर भरत होता, तिथे किकचा कापला. दोन्ही स्वच्छ ऐकू आले. नाना हसले.

मालकाने मला न विचारता जुनंच मिक्स प्रसिद्ध केलं. “वरातीत बेस कोण ऐकतं?” म्हणाला.

नानांनी ते प्रसिद्ध झालेलं गाणं ऐकलं. मीच फसवलं, असं त्यांना वाटलं. ते परत आले नाहीत. मीही खरं सांगायला त्यांच्याकडे गेलो नाही.