अनोळखी माणसाने वाचायचं पान

नारायणगुड्यात मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत राहतो, ते चाचा उर्दू छापखान्यात प्रूफ तपासायचे. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. आता त्यांच्या नजरेच्या मधोमध एक काळा डाग बसला आहे. कडेचं दिसतं: दार, जिना, रस्त्यावरची स्कूटर. पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं होतं. माणसाचा चेहरा जातो आणि कान राहतात, असं ते सांगतात. अक्षरं तर अजिबात उरत नाहीत.

तरी रोज सकाळी ते काठी घेऊन कोठीच्या अलीकडच्या एका वाचनालयात जायचे. तिथे कोणीतरी मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचं आणि चाचा ऐकता ऐकता चुका काढायचे. मागच्या महिन्यात परत येताना त्यांना चक्कर आली आणि ते फुटपाथवर पडले. लोकांनी उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. खिशात फोन होता, पण कुलूपबंद. कोणाला कळवायचं ते कोणालाच कळेना. गुडघ्याची जखम पाहून डॉक्टरांनी इंजेक्शन भरायला घेतलं, तेवढ्यात चाचा शुद्धीवर आले आणि विचारलं, "कौन सा है?" ते पेनिसिलिन होतं. तरुणपणी त्याच औषधाने त्यांचा श्वास अडकला होता.

त्या दिवसापासून चाचींनी त्यांचं बाहेर जाणं बंद केलं. काठी कपाटावर गेली. चाचांनी दोन आठवडे वाद घातला, मग बोलणंच सोडलं. संध्याकाळी मी सिकंदराबादहून, कामावरून आलो की ते अंगणात खुर्चीवर बसलेले दिसत, पाहुण्यासारखे.

शेवटी निजामाबादच्या त्यांच्या मुलीने फोनवर एक गोष्ट सांगितली. फोन बंद असला तरी अनोळखी माणसाला दिसेल असं एक पान त्यात भरता येतं. रक्तगट, चालू औषधं, न चालणारी औषधं आणि कोणाला कळवायचं ते. चाचींनी अट घातली, "फोन बोलेगा तो जाओ. नहीं तो घर में बैठो."

आणि चाचांनी मला हाक मारली, "बेटा, आप तो ग्रॅज्युएट हैं."

रविवारची दुपार होती. पंखा इतका हळू फिरत होता की त्याची पाती मोजता आली असती. हिरव्या पडद्यातून येणाऱ्या उजेडामुळे ती खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटत होती. मी त्यांचा फोन हातात घेतला. सगळी अक्षरं उर्दू होती. उजवीकडून निघून डावीकडे जाणारी, कुठे उडणारी, कुठे बसलेली. मला त्यातलं एकही येत नव्हतं.

हे मला जरा विस्ताराने सांगावंसं वाटतं. माझे वडील गवंडी. देगलूरकडच्या आमच्या गावात आमच्या घरातला शाळेत टिकलेला पहिला माणूस मी. आठवीत असल्यापासून घरातला प्रत्येक अर्ज मी भरला. वडील शेजारी उभे राहून कागदाकडे बघायचे, आणि त्यांची नजर ओळींवर न थांबता नुसती फिरत राहायची, तलावावरून वारा जावा तशी. त्या नजरेत काय असतं ते मला कधी कळलं नव्हतं. त्या दुपारी कळलं. माझ्या शिक्षकांनी मला किती दिलंय, हेही त्याच क्षणी कळलं. कारण ते काढून घेतलं तर माणूस कसा दिसतो ते मी माझ्यातच बघत होतो.

"भाषा बदलू का?" मी विचारलं. "काम झालं की परत उर्दू करतो."

"नक्को," चाचा म्हणाले. "एक दुकानवाले ने किया था. सब उलट गया. जो इधर था वो उधर. दो रोज़ फोन मेरा नहीं रहा."

ते फोन डोळ्यांनी वापरतच नव्हते. कोणती गोष्ट पडद्यावर कुठे आहे हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. भाषा बदलली की सगळी मांडणी आरशातल्यासारखी फिरते, आणि बोटं आंधळी होतात.

"मग तो वाचून दाखवणारा आवाज चालू करू?"

आतून चाची म्हणाल्या, "उसकू मैं बंद करवाई. दिनभर घर में दूसरी औरत बात करती."

मी माझा फोन काढला. कॅमेरा धरला की भाषांतर होतं, ते सांगू लागलो. चाचांनी हात पुढे करून माझा फोन हळूच खाली केला.

"बेटा, पढ़ना मेरेकू आता है," ते म्हणाले. "सिर्फ दिखता नहीं. आपको दिखता है. तो दिखाओ."

त्यांनी आपला तळवा माझ्यासमोर उघडला.

पुढचा तास कसा गेला ते मला नीट आठवत नाही. दुपारच्या झोपेतलं जसं तुकड्यांनी आठवतं तसं आठवतं. बोटांच्या सवयीने त्यांनी सेटिंग उघडलं. मी यादी सरकवत गेलो आणि दवाखान्यावर असते तशी लाल खूण असलेल्या ओळीत शिरलो. आत आणखी ओळी होत्या. मी पहिली ओळ बघून त्यांच्या तळव्यावर बोटाने काढू लागलो.

"उलटा जा रहे आप. दायें से."

मी उजवीकडून सुरुवात केली. एक उभी काठी, पायाशी तिला पोट. मग एक छोटा दात, त्याच्या खाली एक ठिपका. शेवटी मागे वळलेली शेपटी.

"तोय. बे. ये." चाचांचे डोळे मिटलेले होते. "तिब्बी. तिब्बी मालूमात. खोलो." म्हणजे वैद्यकीय माहिती.

आत आणखी रकाने आले. वर ठिपका असलेला हुकासारखा आकडा, त्याला चिकटून एक वाकडी शेपटी, मग सुटी वाटी आणि वाटीत ठिपका.

"ख़ून," चाचा मोठ्याने म्हणाले.

"किसका?" चाची स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"आपका नंबर बाद में है, बेगम."

रक्तगटाची यादी इंग्रजी अक्षरांतच होती. दवाखान्याच्या जुन्या कार्डावरून बी पॉझिटिव्ह निवडला. पुढच्या रकान्याचं नाव त्यांनी दोनच अक्षरांत ओळखलं. रोजच्या औषधांचा रकाना होता तो. तिथल्या शब्दावर मात्र ते थांबले आणि म्हणाले की ज्याने हे भाषांतर केलं त्याला त्यांनी तीन दिवसही कामावर ठेवलं नसतं. मला चूक कळली नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा चांगला, खरा राग दिसला, आणि मला बरं वाटलं.

मग आमचा एकच वाद झाला. त्यांना मजकूर उर्दूत हवा होता.

"चाचा, हे पान तुमच्यासाठी नाही," मी म्हणालो. "जो तुम्हाला उचलेल त्याच्यासाठी आहे. तो तेलुगू असेल, बिहारी असेल. डॉक्टर केरळचा असेल."

"पूरी उम्र मैं पढ़ने वाले के लिए ही काम किया," ते म्हणाले. "लिखो अंग्रेज़ी में."

रकान्यांची नावं उर्दूत राहिली, आत मी इंग्रजीत लिहिलं. पेनिसिलिन द्यायचं नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू, तिचं नाव गोळ्यांच्या पाकिटावर बघून एकेक अक्षर जुळवत. डोळ्यांचंही लिहिलं, म्हणजे शुद्धीवर आल्यावर समोरच्याकडे बघत नाहीत म्हणून कोणी घाबरू नये.

आता नंबर. चाचींकडे मोबाइल नाही. मुलगा मस्कतला. चाचा म्हणाले, मुलीचा घालू. चाची हात पुसत बाहेर आल्या.

"बच्ची को पहले जाएगा तो वो वहाँ बैठ के रोएगी. आने को कितने घंटे? इसका डालो," माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. "सिकंदराबाद से आधे घंटे में आता. बाद में बच्ची का."

कोणी मला विचारलं नाही. माझं नाव चाचांच्या यादीत उर्दूत होतं. मी ते इंग्रजी अक्षरांत केलं आणि पहिलं घातलं. गावाकडे आजवर माझा नंबर कोणी असा दिलेला नव्हता. आमच्याकडे काही झालं तर माणूस पळत येतो.

शेवटी एक ओळ उरली, तिच्यापुढे सरकतं बटण. चाचांनी तळव्यावर ओळखून सांगितलं, फोन कुलूपबंद असताना हे पान दाखवायचं की नाही, असं विचारतंय. बटणाची गोटी उजवीकडे होती. म्हणजे चालू आहे असं धरून मी ते तसंच ठेवलं.

"मेरेकू दिखाओ," चाची म्हणाल्या. त्यांनी फोन घेतला, कुलूप लागू दिलं आणि खुर्चीत मान टाकून बसलेल्या चाचांसमोर उभ्या राहिल्या. "मैं रस्ते की औरत हूँ. ये बुड्ढा गिर गया. अब?"

मी सांगितलं तसा त्यांनी पडदा वर सरकवला आणि खालच्या मदतीच्या शब्दावर बोट ठेवलं. नंबर फिरवायचे आकडे आले. भरलेलं पान कुठेच नाही. त्यांनी दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं.

"मर गया बुड्ढा," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात दिला.

चाचा हसले नाहीत. मेल्याचं सोंग घेऊन मान टाकलेली होती, ती त्यांनी उचललीच नाही. मला एवढंच सुचत होतं की माझ्याच हाताने त्यांचं दार बंद झालं. मी परत आत गेलो, सगळे रकाने तपासले. सगळं जागेवर होतं.

"वो आखिरी वाला," चाचा मान खाली ठेवूनच म्हणाले. "उसका बटन किधर है?"

"उजवीकडे. चालू."

"रंग?"

मी रंग बघितलाच नव्हता. "राखाडी."

"बेटा, हमारा कागज़ किधर से शुरू होता?"

"उजवीकडून."

"तो चालू होके किधर जाएगा?"

मी बोट ठेवलं. गोटी डावीकडे सरकली आणि बटण निळं झालं. डावीकडचं बंद आणि उजवीकडचं चालू, हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. तरी माझ्या हाताला ते इतकं पक्कं माहीत होतं की डोळ्यांनी रंग बघायची तसदी घेतली नाही.

चाचींनी परत फोनला कुलूप लावलं. पडदा वर, मदतीचा शब्द, आणि या वेळी आकड्यांच्या वर एक नवी ओळ. त्यांनी ती दाबली. पान उघडलं. त्यांना थोडंफार इंग्रजी येतं, मिशनच्या शाळेत चार वर्षं गेल्या होत्या. फोन लांब धरून त्यांनी एकेक शब्द वाचला. चाचांचं नाव. वय. पेनिसिलिन नाही. मग खाली माझं नाव. त्यावर बोट ठेवताच माझ्या खिशातला फोन वाजू लागला. आम्ही तिघंही तो वाजू देत ऐकत राहिलो.

सोमवारी सकाळी मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बुटांच्या नाड्या बांधत होतो. चाचींनी स्टुलावर चढून कपाटावरून काठी काढली, पदराने पुसली आणि चाचांच्या हातात दिली. त्यांनी खिसा चाचपला. फाटक उघडलं. गल्लीत कोवळं ऊन होतं, आणि त्यात ते भिंतीच्या कडेकडेने निघाले, मान जरा तिरकी करून, कारण त्यांना रस्ता तसाच दिसतो.

दोन मिनिटांत माझा फोन वाजला. त्यांचं नाव बघून एक नाडी तशीच सोडून मी उठलो.

"मोड़ तक आ गया," चाचा म्हणाले. "बोल दो उनको."

चाची फाटकाशीच उभ्या होत्या. मी सांगितलं.

"बोलो, बातां नक्को, रस्ता देख के चलो," त्या म्हणाल्या. पण फाटक लावायला त्यांनी बराच वेळ लावला.