जहांगीरचाचांनी हशा मराठीत आणला

हे लिहिणारच नव्हते, जहांगीरचाचांचं कसब मला कुठं मांडता येणार! पण राहवलंच नाही.

जळगाव जामोदच्या नाटकमंडळीसाठी चाचांनी, म्हणजे आमच्या शिंप्यांनी, उर्दू फार्स मराठीत आणला. तालमीत फार्समधल्या नोकराच्या शब्दखेळावर कुणीच हसलं नाही. मंडळीचे चालक पंजाबराव तापले, "चाचा, उद्या लोक असेच बसले तं मंडळी बुडली!"

"शब्दाला शब्द बरोबर ठेवलाय, पंजाबराव. म्हणूनच हसू मेलं," म्हणत चाचा थेट बाजारात, भाजीवाल्या मनकर्णाबाईकडे गेले. ही बाई कधी हसायची नाही. पंजाबराव मागोमाग.

चाचांनी तो शब्दखेळ काढूनच टाकला, हशाची जागा मात्र तीच ठेवली. तिथं नोकराच्या तोंडी घातलेलं नवं वाक्य त्यांनी मनकर्णाबाईंना म्हणून दाखवलं, "मालक, मी गेलो तं शिव्या कोणाले द्यान? बायकोले तं तुम्ही भेता!"

मनकर्णाबाई वांगी सोडून हसल्या. "काय गा जहांगीर, हा तं आमच्याच घरातलं बोलून राह्यला!"

दुसऱ्या दिवशी त्याच वाक्याला अख्खा मांडव हसला. पंजाबराव पडद्याआड आ वासून बघतच राहिले.

चाचा रोज दुकानात असतात. एकदा जाऊन भेटा त्यांना, खरंच.