भुऱ्याचा पट्टा

मी असल्या गोष्टींना हसणारा माणूस आहे. सुप्याच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे, जे मोजता येत नाही ते रिजेक्ट करायची सवयच लागलीये. तरी हे लिहितोय... आणि यात माझी बाजू चांगली दिसणार नाही, हे आधीच सांगतो.

आमचा कुत्रा भुऱ्या. दुपारी गाडीखालच्या सावलीत झोपायचा. म्हणून घरात नियम होता – गाडी मागे घेण्याआधी खाली वाकून बघायचं. हे काम माझ्या पाच वर्षांच्या सईचं. "भुऱ्या, सर!" म्हणायची, तो आळस देत बाहेर यायचा, मग मला हात करायची.

त्या रविवारी सई आणि बायको वैशाली काष्टीला मामाकडे गेल्या होत्या. मी फोनवर बोलत गाडी मागे घेतली. वाकलो नाही.

तो लगेच गेला नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. खताच्या गोणीत घातला, गळ्यातल्या लाल पट्ट्यासकट, सुतळीनं तोंड बांधलं आणि घरामागच्या बाभळीखाली पुरला. वर दोन माणसांना हलेल असा दगड सरकवला, पहारीनं. घरी सांगितलं – खर्ड्याच्या मित्राच्या शेतावर राखणीला दिला.

सई रोज त्याच्या ताटलीत अर्धी भाकरी ठेवायची. "कधी येणार?" महिनाभर हेच. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. एकदा वैशालीला म्हणाली, "मी त्याला हाड म्हणले हुते, म्हनून गेला."

मग मी वैशालीला सांगितलं की भुऱ्या मेलाय. आजारानं... एवढंच. ती आम्हाला घेऊन नगरला मुलांच्या डॉक्टरबाईंकडे गेली. बाईंनी सईला खेळायला बाहेर पाठवलं आणि मला झापलं.

"मेला हाच शब्द वापरा. झोपला म्हणालात तर ती झोपायला घाबरेल, देवानं नेला म्हणालात तर देवाला. शरीर बंद पडलं, आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, तो परत येणार नाही – असं सांगा. या वयात मुलांना वाटतं, आपल्यामुळेच झालं. तसं नाही, हे स्पष्ट बोला. ती पुन्हा पुन्हा विचारेल, दर वेळी तेच उत्तर द्या. तुम्हाला रडू आलं तर तिच्यासमोर रडा. लगेच दुसरं पिल्लू आणू नका. आणि कशानं मेला, ते थोडक्यात, पण खरं सांगा."

संध्याकाळी सईला ओट्यावर बसवून सगळं बाईंच्या शब्दांत सांगितलं. फक्त शेवटचं सोडून.

"कशानं मेला?"

"पोट बिघडलं होतं त्याचं."

सईनं स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "मी त्याला चॉकलेट दिलं हुतं."

त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "तुझ्यामुळे नाही गं." तिला ते पटलं नाही. रोज विचारायची, "भुऱ्या कशानं मेला?" मी रोज तेच सांगायचो – बाईंनी सांगितलं होतं ना, उत्तर बदलू नका! उत्तर ऐकून ती आत जायची आणि पट्टीनं स्वतःच्या उजव्या हातावर मारून घ्यायची. वळ मी बघितले. तरी बोललो नाही. लाज वाटते लिहिताना.

वैशालीनं तिच्यासाठी आठवणींचा डबा केला. त्यात भुऱ्याचा फोटो, चेंडू, ताटली, सईनं काढलेलं चित्र. "पट्टा न्हाई," सई म्हणाली. मी म्हणालो, हरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीनं माझ्यासमोर डबा उघडला. वर लाल पट्टा. ओल्या मातीनं माखलेला, बक्कल चपटं झालेलं, आणि चामड्यावर टायरची नक्षी... स्पष्ट. वैशालीनं पट्ट्याकडे बघितलं, मग अंगणातल्या गाडीकडे, मग माझ्याकडे.

मी पहार घेऊन मागे पळालो. दगड जागच्या जागी, भोवतीचं गवतही मोडलेलं नाही. कसाबसा एकट्यानं सरकवला, उकरलं. गोणी तशीच, सुतळीला माझीच गाठ. सोडून बघितलं. भुऱ्या होता. पट्टा नव्हता.

त्याच दिवशी सईला खरं सांगितलं. ती रडली नाही. तिनं उजव्या हाताकडे बराच वेळ बघितलं, पट्टी दप्तरात ठेवली. त्यानंतर वळ दिसले नाहीत.

पट्टा कसा आला, मला आजही सांगता येत नाही. वैशाली त्यावर बोलत नाही, माझ्याशी एरवीही फारसं बोलत नाही.

सईला मात्र त्याचं नवल वाटत नाही. रोज सकाळी मी ड्युटीला निघालो की ती गाडीमागे येते, खाली वाकते, "भुऱ्या, सर," म्हणते. थोडं थांबते. मग माझ्या खिडकीशी येऊन विचारते,

"भुऱ्या कशानं मेला, पप्पा?"

"माझ्या गाडीखाली."

"घ्या आता मागं."