पिवळी न झालेली नळी

कणकवलीच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्या वर्षी विद्यापीठाची तपासणी समिती यायची होती. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, प्रयोग असा दाखवा की रंग बदलला पाहिजे. समितीला रंग कळतो."

रंग बदलणारा प्रयोग माझ्याकडे होता. जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की तो जी धडपड करतो, ती दाखवणारा. एरवी एक दमनकारी प्रथिन दुरुस्तीच्या जनुकांवर बसून त्यांना बंद ठेवतं. अतिनील किरणांनी डीएनए बिघडला की त्याची नक्कल करण्याचं काम अडतं आणि एकेरी धागे उघडे पडतात. त्यांच्यावर दुसरं एक प्रथिन रांगेने चिकटतं. पहिलं प्रथिन या रांगेला टेकलं की स्वतःलाच मधोमध तोडून घेतं. खुर्ची रिकामी होते, जनुकं चालू होतात. आमच्या जिवाणूत अशाच एका जनुकाला रंग देणारं जनुक जोडलेलं होतं. जनुक चालू झालं की शेवटी एक द्रव घालायचा, नळी पिवळी होते.

प्राचार्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे वरून परवानगी नाही घेत?"

"नाही सर."

"मग समितीसमोर एवढं खोलात जाऊ नका."

समिती आली. तिघंजण, त्यात एक वयस्क बाई, निवृत्त प्राध्यापिका. मी दोन काचेच्या बशांत जिवाणूंचं पाणी पातळ थरात ओतून ठेवलं होतं. एक अतिनील दिव्याखाली ठेवायची, दुसरी तशीच. कळ प्राचार्यांनी दाबायची ठरली, कारण फोटोग्राफर खास बोलावला होता. मी पाठमोरी होऊन फळ्यावर आकृती काढत होते, तेवढ्यात टाळ्या वाजल्या. दिवा लागून विझला. दोन्ही बशांतलं पाणी मी नळ्यांत भरलं, खाद्य घातलं, अंधाऱ्या उबवणीपेटीत ठेवलं आणि सगळे जेवायला गेले.

दोन तासांनी द्रव घातला. एक नळी जवळजवळ पाण्यासारखी. दुसरीही तशीच.

प्राचार्य माझ्या कानाशी आले. "हळद आहे का कुठे?"

"सर, असं नाही करता येणार."

"चिमूटभर हो!"

तेवढ्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचर मावशींनी माझा पदर ओढला. त्या विजयदुर्गच्या, घरची मच्छीमारी. हळूच म्हणाल्या, "बाईनू, दिवो लावताना सायबांनी झाकण लावलेला बशीक, मगे काढून ठेवल्यानी. फोटोत उघडी बशी बरी दिसणा नाय म्हणान. झाकणातसून किरणां जातत काय?"

"नाय गो मावशी! आधी कशाक नाय सांगलंस?"

"माका वाटला, सायेब आसत, त्यांका म्हायत आसतला."

मी समितीसमोर उभी राहिले आणि सांगितलं की काचेचं झाकण लावलेलं होतं, काच हे किरण अडवते, त्यामुळे जिवाणूंना इजा झालीच नाही. इजा नाही तर तोडफोड नाही, आणि रंगही नाही.

"झाकण कोणी लावलं?" अध्यक्षांनी विचारलं.

प्राचार्य गंभीरपणे म्हणाले, "याची आम्ही चौकशी करू."

अध्यक्षांची गाडी होती. ते आणि दुसरे सदस्य निघाले. त्या बाई मात्र पर्स टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मला शेवटची बस चालेल. पुन्हा करा."

या वेळी झाकण मावशींनी काढून चक्क ओंजळीत धरून ठेवलं. दोन तास आम्ही तिघी चहा पीत बसलो. बाई म्हणाल्या, "माझ्या काळात हे फक्त फळ्यावर शिकवलं. डोळ्यांनी पाहिलेलं नाही." द्रव घातल्यावर नळी हळूहळू पिवळी होत गेली, पिकलेल्या काजूबोंडासारखी. शेजारची साधी नळी फिकीच राहिली. मग मी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. इजा झालेले जिवाणू विभागायचे थांबून लांब दोऱ्यांसारखे वाढले होते.

मावशींनी डोळा लावला. "हे दोन का होणत नाय?"

"दुरुस्ती होईस्तोवर विभागणी थांबवतत," मी म्हटलं.

"बरोबर आसा. फाटक्या जाळ्याक दर्यात कोण नेता?"

बाई हसल्या नाहीत. मावशींना म्हणाल्या, "आणि दुरुस्ती जमलीच नाही तर शेवटी ते कसंही, चुकत-माकत जोडतात. जगतात, पण बदलून." मावशींनी मान हलवली, बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून बघत राहिल्या.

चौकशी समिती नेमली गेली. तीन सदस्य, त्यात एक मी. अध्यक्षस्थानी प्राचार्य. आम्ही चार बैठका घेतल्या. मी दर वेळी नाव सांगायचा विचार केला आणि दर वेळी चहा आला. अहवालात लिहिलं आहे की झाकण नेमकं कसं लागलं हे निश्चित होऊ शकलं नाही. खाली माझी सही आहे.