पावावरची चकाकी

त्याला सगळे वस्ताद म्हणत. खरं नाव त्याच्या बायकोला आणि मतदारयादीला तेवढं ठाऊक. चढावरच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाला लागून त्याची बेकरी होती. पुढे काचेचं कपाट, मागे भट्टी, आणि दोन्हींच्या मध्ये पिठाने पांढरं झालेलं, कडा झिजलेलं लांब लाकडी टेबल. त्या टेबलाशी उभं राहून त्याने एकतीस वर्षं काढली होती. उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली आला होता, तो कणीक मळून मळून.

वस्तादला दोन गोष्टींचा अभिमान. एक आपल्या हाताचा, दुसरा आपल्या जिभेचा. गिऱ्हाईक जरा रेंगाळलं, की तो अंडं हातात घेऊन उन्हाकडे धरायचा आणि सुरू व्हायचा.

"एका टरफलात चार माणसं राहतात बघा. पहिला गवंडी. ओट आणि बदामाचा चुरा नुसता तव्यावर टाका, वाळूसारखा पसरेल. अंडं घाला, भाजताना ते घट्ट होतं आणि दाण्याला दाणा धरून ठेवतं. दुसरा हमाल. साखरेबरोबर अंडी फेटत बसा, पांढरी होऊन तिप्पट फुगतात. आत हवा भरते. भट्टीत ती हवा फुगते आणि केक डोक्यावर घेऊन वर चढते. वर गेल्यावर अंडं थिजतं, म्हणून केक खाली बसत नाही. तिसरा घरचा श्रीमंत. पिवळ्या बलकातलं लोणी म्हणा हवं तर. बनच्या कणकेत पडला की बन मऊ, पिवळसर, दुसऱ्या दिवशीही ताजा. आणि चौथा रंगारी. पावावर ब्रशने फिरवा, आरशासारखी चकाकी."

"आणि पाचवा तुमच्यासारखा बडबड्या," आतून बायको म्हणायची. "अहो, तिकडे ट्रे करपतोय."

शाळेत शिकवणाऱ्या बाई रोज संध्याकाळी पाव न्यायला येत. सोबत त्यांची सहा वर्षांची छकुली. काचेला नाक लावून ती कपाटातल्या बनकडे बघायची आणि काही मागायची नाही. तिला अंडं सोसत नसे. एवढंसं पोटात गेलं तरी ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या. वाढदिवस जवळ आला तेव्हा बाईंनी सहज विचारलं, "काका, अंडं न घालता काही होतं का हो?"

वस्तादची छाती फुगली. "होतं का? अहो, मी करून देतो. केक, बिस्किटं, बन, सगळं. थेंबभर अंडं निघालं तर ही मिशी काढून तुमच्या हातात देईन."

छकुलीने पहिल्यांदाच काचेवरून नाक काढून त्याच्याकडे बघितलं.

चार दिवस वस्तादने दुसरं काही डोक्यात येऊ दिलं नाही. केकमधला हमाल काढला तर उचलणार कोण? त्याने आंबट दही घेतलं, त्यात खायचा सोडा घातला, फसफसलेलं मिश्रण भट्टीत सारलं. पहिला केक मधोमध खचला, कारण साचा भट्टीत घालण्याआधी तो गिऱ्हाइकाशी बोलत बसला होता. दुसरा लगेच सारला, तो चढला. बिस्किटांसाठी जवसाची पूड पाण्यात भिजवली. ती चिकट, बुळबुळीत झाली आणि तिने ओटचे दाणे अगदी गवंड्यासारखे धरले. बन तर यीस्टने फुगतातच. त्यांना हवा होता तो श्रीमंत, म्हणून बलकाऐवजी लोणी वाढवलं, पाण्याऐवजी दूध घातलं. टेबल गरम पाण्याने घासलं. भांडी वेगळी, चाळणी वेगळी, हातरुमालसुद्धा वेगळा.

वाढदिवसाच्या सकाळी दोन ट्रे शेजारी शेजारी होते. एकात रोजचे बन, एकात छकुलीचे. भट्टी तापली होती. वस्तादने वाटीत बुडवलेला ब्रश उचलला आणि गाणं गुणगुणत फिरवला, उजवीकडून डावीकडे, एकतीस वर्षं फिरवत आला होता तसा. दोन्ही ट्रे आत गेले. वाटीत काय आहे, हे त्याच्या हाताने त्याला विचारलंच नाही. त्याच्या लेखी तो पावाचा शेवटचा रंग होता. अंडं जे असतं, ते कणकेत.

बन असे निघाले, की बायको म्हणाली, "दिवा लावायला नको, यांच्या उजेडात वाचता येईल."

संध्याकाळी पाच वाजता बाईंच्या घरी तो स्वतः ट्रे घेऊन गेला. बारा-पंधरा पोरं, फुगे, जमिनीवर सतरंजी. वरच्या मजल्यावरच्या मावशीही आल्या होत्या. बाई शाळेतून येईपर्यंत छकुली रोज त्यांच्याकडेच असायची. भरवणं, निजवणं, वेणी, सगळं मावशींचं. मोठ्यांसाठी म्हणून त्यांनी घरी केलेल्या बिस्किटांचा डबा आणला होता, अंडं घातलेल्या. "हा वर ठेवा हं, पोरीच्या हाताला लागता कामा नये," असं दोनदा सांगून त्यांनी तो कपाटावर ठेवला.

छकुलीने बन घेतला. वरची चकचकीत पापडी नखाने सोलून तिने आधी तीच खाल्ली. मग दुसऱ्या बनची. वस्ताद कोपऱ्यात उभा राहून बघत होता, आणि आपल्यासारखा माणूस आपणच, असं त्याला वाटत होतं.

थोड्याच वेळात पोर मान खाजवू लागली. ओठ सुजले. डोळ्यांखाली लाल चट्टे आले. बाईंनी औषधाची बाटली काढली, तिला उचललं, आणि रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात धावल्या. तासाभराने परत आल्या तेव्हा छकुली खांद्यावर मलूल पडली होती, पण श्वास नीट चालला होता. तोवर कुणाचं तरी लक्ष गेलं होतं की कपाटावरचा डबा खाली आहे आणि झाकण उघडं आहे. पोरांनीच खुर्चीवर चढून काढला असणार.

"मावशी, मी तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, म्हणून तो जास्त लागला.

मावशींचं तोंड उतरलं. "अगं, मी वर ठेवला होता गं."

"आमच्या मालातून नाही हं," वस्ताद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझ्या मालात थेंब नाही. छातीवर हात ठेवून सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वाटीत अंडं फोडलं, चमचाभर दूध आणि चिमूटभर मीठ घालून फेटलं आणि ब्रश बुडवला. ब्रश ट्रेपर्यंत पोचला आणि थांबला. ब्रशवरून पिवळा थेंब पावावर पडला. वस्ताद त्या थेंबाकडे बघत राहिला. काल हाच ब्रश छकुलीच्या ट्रेवरही फिरला होता.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

त्याने बायकोलाही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत गिऱ्हाईक रेंगाळलं तरी त्याने अंडं उन्हाकडे धरलं नाही. मावशी रस्त्याने जाताना दिसल्या, एकट्या. छकुली हल्ली शाळा सुटल्यावर बाईंच्याच शाळेत, शिपायाच्या बाकावर बसते, असं औषधवाल्याकडून कळलं. मावशींनी दुकानाकडे बघून मान हलवली, तेव्हा वस्ताद काचेच्या कपाटामागे खाली वाकला आणि नसलेली वस्तू शोधत राहिला.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. "काका, उद्या छकुलीच्या वर्गात खाऊ न्यायचाय. तुमचे बन द्या. तेवढंच एक मी डोळे मिटून तिच्या हातात देऊ शकते."

डोळे मिटून. वस्तादला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तोंडातून निघालं, "करतो की."

आणि केले. अंड्याची वाटी त्याने दुकानाबाहेर ठेवली, नवा ब्रश आणला, आणि नुसतं दूध फिरवलं. मनात म्हणाला, झालं गेलं विसरून जायचं. इथून पुढे चूक नाही, म्हणजे कुणाचं काही बिघडत नाही. बन भाजून निघाले. मऊ होते, फुगले होते, रंगही तांबूस आला होता. पण चकाकी नव्हती. दूध रंग देतं. आरसा देत नाही.

सकाळी बाईंनी खोक्याचं झाकण उचललं. "काका, आज असे निस्तेज का? त्या दिवशी कसे चमकत होते."

"भट्टी जरा थंड पडली होती," वस्ताद म्हणाला.

बाईंनी मान डोलावली, झाकण लावलं. पायरी उतरल्या. इतक्या सहज विश्वास ठेवला त्यांनी, की ती मान डोलावणंच त्याला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

"बाई, थांबा."

त्या थांबल्या.

"भट्टी थंड नव्हती. त्या दिवशी वर अंडं लावलं होतं. मीच लावलं. सवयीने."

"पण तुम्ही तर म्हणालात, थेंबभरही नाही..."

"कणकेत नव्हतं. वरून होतं. ती चकाकी अंड्याचीच असते. पोरीने नेमकी तीच सोलून खाल्ली." त्याची मान खाली गेली ती वर येईना. "दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. बोललो नाही."

आत बायकोच्या हातातला ट्रे टेबलावर वाजला. बाई पायरी परत चढल्या.

"तीन दिवस," त्या म्हणाल्या. "तीन दिवस मी मावशींच्या तोंडाकडे बघितलं नाही, काका." त्यांनी खोकं काचेच्या कपाटावर परत ठेवलं. "मला नका सांगू आता. वर जा. त्यांना सांगा."

वस्ताद अंगावरचा पिठाचा ॲप्रनही न काढता निघाला. जिन्याच्या पायऱ्या त्याने कधी एवढ्या सावकाश चढल्या नव्हत्या. मावशींनी दार उघडलं. त्याने उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. दुकानात कपाटामागे तोंड लपवलं, तेही.

मावशी दाराची कडी धरून ऐकत होत्या.

"त्या दिवशी घरी येऊन मी डब्यातली बिस्किटं मोजली," त्या म्हणाल्या. "वीस नेली होती. वीसच होती. पुन्हा मोजली. तरी मला वाटलं, माझंच मोजायला चुकत असेल. म्हातारपणी चुकतं माणसाचं." त्यांनी कडी सोडली. "वस्ताद, तुमचा शब्द माझ्या मोजणीपेक्षा मोठा वाटला हो मला."

त्या रागावल्या असत्या तर त्याने ऐकून घेतलं असतं.

"चला," मावशी पायात चप्पल सरकवत म्हणाल्या. "पोरीला सांगा. तिला वाटतंय, मी तिला आजारी पाडलं. माझ्यासमोर सांगा."

खाली बाई घरी पोचल्या होत्या, आणि त्यांच्या दारात छकुली दप्तर पाठीवर घेऊन उभी होती. वस्ताद तिच्यासमोर उकिडवा बसला. गवंडी, हमाल, काही काही आठवलं नाही. "बाळा, तुला त्रास झाला तो माझ्या बनमुळे. मावशींच्या बिस्किटामुळे नाही. मी वर अंडं लावलं होतं, आणि मग गप्प बसलो."

"का?" छकुलीने विचारलं.

"का लावलं?"

"का गप्प बसलात?"

"लाज वाटली."

छकुलीने त्याच्याकडे नीट बघितलं, मग मावशींकडे. ती गेली आणि मावशींच्या पदरात तोंड खुपसून उभी राहिली. मावशींचा हात आपोआप तिच्या विस्कटलेल्या वेणीकडे गेला. बाई आत वळल्या. त्यांचे डोळे पुसून झाले तरी त्या बाहेर आल्या नाहीत.

वस्तादला कुणी बस म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. तो थोडा वेळ तसाच उकिडवा राहिला. मग जमिनीला हात टेकून उठला आणि चालू लागला. त्याच्या ॲप्रनवरचं पीठ फरशीवर पडलं होतं, तेवढं त्याने जाताना हाताने गोळा केलं.