रेषेच्या पुढे उभा असलेला माणूस

शर्यतीआधी पोरं ओकतात, हे मी नोकरीला लागले तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. शिरपूरच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून आले आणि पहिल्याच तालुका स्पर्धेत पाहिलं, की सरावात वाऱ्यासारखी पळणारी पोरं आपला नंबर पुकारला की पांढरीफटक पडतात. आमच्याकडे त्यावर एकच उपाय होता. ग्लुकोज पाजायचं, पाठीवर धपाटा घालायचा आणि ‘घाबरू नको’ म्हणायचं. घाबरलेल्याला घाबरू नको म्हणणं म्हणजे काय, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मी त्याला पुढे कंटाळले.

एका प्रशिक्षणात मी दुसरी पद्धत शिकून आले. शर्यतीआधीचा क्रम रोज तोच ठेवायचा: हळू धावणं, अंग मोकळं करणं, थोडे वेगाचे तुकडे, मग बाजूला बसून नाकाने श्वास आत आणि त्याहून सावकाश बाहेर. त्यानंतर डोळे मिटून आपली शर्यत मनात पळायची. अंगठा वर केला की शर्यत सुरू, रेषा ओलांडली की अंगठा खाली. मी घड्याळ लावून बसायचे, कारण मनातली वेळ खऱ्या वेळेच्या जवळ आली तरच पोर खरं पळालं म्हणायचं. मुख्याध्यापक गच्चीवरून बघायचे आणि म्हणायचे, ‘मॅडम, पोरं झोपवायला मैदानावर नेता का?’ मी ऐकून सोडून द्यायचे. सगळ्यांना उत्तरं देत बसले असते तर सराव कधी घेतला असता?

त्या पोरांत नववीतली एक मुलगी होती. सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या गावची, आठशे मीटर पळणारी. आदल्या वर्षी ती तालुक्याला रेषेवर उभी राहून रडली होती आणि शिट्टी होताच जीव घेऊन सुटली होती. दुसऱ्या फेरीत तिचे पाय संपले. मनातली तिची पहिली शर्यत तर मिनिटभरात आटोपली.

‘अगं, मधली फेरी खाल्लीस का?’ मी विचारलं.

ती हसली. ‘मॅडम, तिथे दम लागतो. म्हणून लवकर लवकर गेले.’

मी तिला दम लागणारा भागच पुन्हा पुन्हा पळायला लावला. स्वतःची पाठ बाहेरून बघू नकोस, मोबाइलवरचा व्हिडिओ नाही हा. आतून बघ, तळव्याखालची माती, पोटऱ्या, शेजारच्या मुलीचा श्वास. एखादी पुढे गेली तर काय करशील तेही बघ. हळूहळू डोळे मिटलेल्या जागीच तिची छाती खालीवर होऊ लागली. घड्याळही जुळू लागलं.

तिला रोज पहाटे तिचे वडील आणायचे. ते डेअरीवर दूध घालायला शहरात यायचे, गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅन आणि मागे ही. दूध घालून ते मैदानावर यायचे आणि बरोबर शेवटच्या रेषेवर उभे राहायचे. मुलगी त्यांच्यापाशी पोचायच्या आधीच वेग कमी करायची, घरच्या ओट्यापाशी आल्यासारखी. मी वैतागले. ‘अप्पा, तुम्ही पुढे सरका. रेषा ओलांडून जायचंय तिला, रेषेवर थांबायचं नाहीये.’ ते लाजून दहापंधरा पावलं पुढे गेले आणि मग रोज तिथेच उभे राहू लागले. मनातल्या शर्यतीतही आम्ही त्यांना तिथेच उभं केलं. रेषेकडे बघू नकोस, अप्पांकडे बघ. त्या वर्षी ती तालुक्याला पहिली आली. ओकली नाही, रडली नाही. सुरुवातीच्या रेषेवर हात झटकले, सावकाश श्वास सोडला आणि स्वतःशीच ‘हलकं’ म्हणाली. हा तिचा शब्द होता, तिनेच निवडलेला. मला इतका आनंद झाला की मी अप्पांना चहा पाजला.

जिल्ह्याची स्पर्धा धुळ्याला होती. पुढच्या वर्षी दहावी, मग घरचे तिला पळायला पाठवतील याची खात्री नव्हती. जे व्हायचं ते याच वेळी होणार होतं.

स्पर्धेच्या आठवड्यात अप्पा दूध घालून परतत होते. रस्त्यात कापसाची ट्रॉली बंद पडून उभी होती, धुकं होतं. त्या दिवशी मुलीला बरं नव्हतं म्हणून ती घरी होती.

स्पर्धेच्या सकाळी बाकीची पोरं दुसऱ्या सरांबरोबर पाठवून मी जीप घेऊन तिच्या गावी गेले. अप्पांची गंधमुक्ती अजून व्हायची होती, सुतक फिटलं नव्हतं. सुतकातल्या घरून पोरगी मागायची, याची मला लाज वाटत होती, आणि तरी मी गेले. तिची शर्यत दुपारी होती. ओट्यावर तिचे आजोबा बसले होते. मी कसाबसा विषय काढला. मला वाटलं, हाकलून देतील.

त्यांनी आधी जीपकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘लई जा तिले. तेनीच इच्छा व्हती. लोकेसले मी काय ते सांगसू.’

मी आत गेले. बायकांच्या मागे, भिंतीला टेकून ती बसली होती. तिने माझ्या हातातलं घड्याळ पाहिलं.

‘आबा हो म्हणाले,’ मी सांगितलं. ‘येतेस?’

ती म्हणाली, ‘आधी एकदा पळून बघते, मॅडम.’

तिने डोळे मिटले. श्वास आत घेतला, सावकाश सोडला. अंगठा वर गेला आणि मी घड्याळ सुरू केलं. शेजारची म्हातारी म्हणाली, ‘पोरगी रडी रडी थकी गई. झोपू द्या तिले.’ मी घड्याळाकडे बघत राहिले. तिची छाती खालीवर होत होती, पहिली फेरी, दुसरी फेरी, दम लागायची जागा. सगळं रोजच्यासारखं. अंगठा खाली यायची वेळ झाली.

तो आला नाही. मी थांबले. वळणावर अडकली असेल, असं मला वाटलं. घड्याळ पुढे जात राहिलं, तिचा श्वास आणखी जोरात होऊ लागला आणि कपाळावर घाम आला.

‘रेषा आली का?’ मी तिच्या कानाशी विचारलं.

‘केव्हाच गेली.’ डोळे मिटलेलेच होते. ‘अप्पा मागे मागे सरकताहेत, मॅडम.’

‘मग थांब.’

‘थांबता येत नाही.’

मी तिचा अंगठा माझ्या मुठीत धरला आणि खाली दाबला. तेव्हा तिने डोळे उघडले. ती म्हणाली, ‘मी नाही येत.’ मी तिला एकदाही आग्रह केला नाही. मला तिला जवळ घेऊन रडायचं होतं, पण बायकांनी ते काम आधीच सुरू केलं होतं. जीप रिकामी परत आली.

अजून मी पोरांना डोळे मिटायला शिकवते. त्याने भीती जाते, हे मी स्वतः पाहिलंय. फक्त रेषेच्या पुढे आता कोणाला माणूस उभा करू देत नाही. मैदानाच्या टोकाला निंबाचं झाड आहे, ते दाखवते. सराव चालू असतो तेव्हा ती कधी कधी रस्त्याने जाते. वडिलांची गाडी दुरुस्त करून घेतलीय, दोन्ही बाजूंना कॅन. आता डेअरीवर तीच दूध घालते. मी हात करते, तीही करते. पण मैदान आलं की ती वेग कमी करत नाही.