गुलाबी बिल्डिंग

कोपरच्या आमच्या चार मजली सोसायटीला रंग काढायचा होता. सेक्रेटरींना पिस्ता हवा होता, मला क्रीम. रविवारच्या मीटिंगला बिल्डिंग कॉम्प्युटरवर रंगवून दाखवतो, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलेलो. गेम बनवायचा छंद मला नुकताच लागलाय, त्यामुळे अंगात वारं शिरलं होतं.

आमच्यासारखीच एक बिल्डिंग नेटवरून उतरवली आणि गेम इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. घेताना फायलींची यादी आली, प्रत्येकीपुढे टिक. त्यात ‘शेडर्स’ नावाचा फोल्डर. म्हटलं, त्यांच्या शेड आपल्याला कशाला, रंगवाल्याचं शेडकार्ड आहे की घरात. टिक काढून टाकली.

बिल्डिंग उभी राहिली ती गच्चीपासून गेटपर्यंत भडक गुलाबी. रंग बदलायची चौकट शोधली, तर तीच गायब. इंजिनमधले दिवे कमी केले, तरी गुलाबी तसूभर फिका होईना. बायको डोकावून म्हणाली, “लग्नाचा हॉल आहे का हो?”

शनिवारी गेम बनवणाऱ्यांच्या मराठी फोरमवर प्रश्न टाकला : ‘गुलाबी कमी कसा करावा?’

रविवारी सकाळी एका मुलीचं उत्तर : ‘काका, तो रंग नाहीये. भिंतीवर उजेड पडला की ती कशी दिसावी, हे शेडर सांगतो. तो सापडला नाही की इंजिन गुलाबी दाखवतं, चूक पटकन दिसावी म्हणून. सगळ्या फायली घेतल्या होत्या ना?’

मी ऐटीत लिहिलं : ‘शेडर्स मुद्दाम काढले. आमच्याकडे स्वतःचं शेडकार्ड आहे.’

मीटिंगची वेळ झाली, तसाच लॅपटॉप घेऊन खाली गेलो. झाकण उघडलं आणि सेक्रेटरी म्हणाले, “हे तुमचं क्रीम?”

“हा रंग नाहीये,” मी म्हटलं. “शेडर नाहीये.”

“म्हणजे शेड नाहीये?”

“शेड आहे. शेडर नाहीये.”

मला स्वतःलाही काही कळत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला, फोरमवर त्या मुलीचं उत्तर : ‘काका, शेडर म्हणजे शेड नव्हे. बिल्डिंगचं तेच पॅकेज परत घ्या, त्या फोल्डरला टिक करा.’

सगळ्यांसमोर टिक केली. पट्टी सरकली, आणि गुलाबी जाऊन करड्या विटा आल्या. हरवलेली चौकटही आली. मी घाईघाईने क्रीम निवडला. भिंती अगदी मनासारख्या झाल्या. मी विजयी मुद्रेने वर पाहिलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू शांतपणे म्हणाल्या, “अरे, पाच मिनिटांत तीन रंग झाले हिचे. पावसात काय करेल?”

कुणीतरी हसलं, आणि मग हात वर झाले. पिस्त्यासाठी. क्रीमसाठी एकच हात होता, तोही लॅपटॉपवर.

आता रोज पिस्त्यातून आत जातो. फोरमवर त्या मुलीला कळवलं, काम झालं. कुणाचं, ते नाही लिहिलं.